पेट्रोडॉलर करार संपला म्हणे, मग तेल रुपयात का नाही?

कर्वेनगरवाला: सौदी आणि अमेरिकेचा तेल डॉलरातच विकायचा ५० वर्षांचा पेट्रोडॉलर करार जून २०२४ ला संपला, सगळीकडे फिरतंय. मग आपण अजून डॉलरातच तेल का घेतो? रुपयात घ्या की, डॉलर शंभरावर गेला तरी आपल्याला काय! इच्छाशक्ती नाही, बाकी काही नाही.

जुना खरेदीवाला: परत आला का हा फॉरवर्ड! अहो असा करार नव्हताच, संपेल कुठून? जून १९७४ ला झाला तो आर्थिक सहकार्याचा आयोग, तेल डॉलरातच विका अशी अट त्यात नव्हती. डॉलरात भाव त्याच्या आधीपासूनच लागायचा. माझी नोकरी रिफायनरीच्या खरेदी खात्यात गेली म्हणून राहवत नाही. विकणाऱ्याला डॉलर हवा असतो कारण तो उद्या कुठेही खर्चता येतो, कुठेही गुंतवता येतो. रुपयाचं काय होतं ते रशियाला विचारा. मे २०२३ मध्ये गोव्यात रशियाचे परराष्ट्रमंत्री लावरोव उघड बोलले, अब्जावधी रुपये तुमच्या बँकांत पडून आहेत, वापरायचे कसे? आपण त्यांच्याकडून घेतो ढीगभर आणि विकतो चिमूटभर, मग साठणारच.

कर्वेनगरवाला: आणि ऑगस्ट २०२३ ला इंडियन ऑइलने अबुधाबीला रुपयात पैसे दिले ते? ती पण अफवा का?

जुना खरेदीवाला: दिले, खरं आहे. पण पैसे कशात दिले आणि भाव कशात ठरला या दोन गोष्टी आहेत. अबुधाबीच्या मुरबान तेलाचा भाव लागतो डॉलरातच. डॉलरातल्या भावाला रेट लावून रुपये मोजले तर रुपया घसरल्यावर बिल फुगणारच, चलन कुठलं का असेना. दिरहमने दिले तरी तेच, दिरहम डॉलरला ३.६७ वर बांधलेला आहे. हिशोब करा. जुलै २००८ मध्ये ब्रेंट, म्हणजे ज्यावरून जगभर तेलाचा भाव निघतो ते क्रूड, बॅरलला १४७ डॉलरला टेकलं होतं, डॉलर होता ४३ रुपयांच्या आसपास, म्हणजे बॅरल साधारण ६,३०० रुपये. जून २०२२ मध्ये ब्रेंट १२० च्या घरात, डॉलर ७८, बॅरल ९,३०० च्या वर. डॉलरात तेल स्वस्त होतं आणि आपल्याला जवळजवळ दीडपट पडलं.

वैतागलेला स्कूटरवाला: हे सगळं पंपावर सांगा!! टॅक्सबद्दल एक शब्द नाही. सिंहगड रोडच्या ट्रॅफिकमध्ये अर्धं पेट्रोल तसंच जळतं आणि हे साहेब ब्रेंट शिकवतायत. २०२२ च्या जूनमध्ये क्रूड १२० होतं, नंतर ८० च्या खाली आलं, पंपावर किती उतरलं? जवळपास दोन वर्षं भाव जागचा हलला नाही, मार्च २०२४ ला दोन रुपये कमी केले, निवडणुकीच्या तोंडावर बरं का.

जुना खरेदीवाला: तुमचा मुद्दा वेगळा आहे, पण चुकीचा नाही. क्रूड महाग होतं तेव्हा कंपन्यांनी तोटा अंगावर घेतला, उतरल्यावर तो वसूल केला आणि वर कमावलंही. म्हणजे डॉलरचा झटका पंपावर लगेच दिसत नाही, आधी कंपन्यांच्या वहीत बसतो.

वैतागलेला स्कूटरवाला: म्हणजे दोन्हीकडून आम्हीच. वा.

वरणभात: केंद्राची एक्साइज लिटरमागे ठरलेले रुपये, ती डॉलरने हलत नाही. राज्याचा व्हॅट मात्र टक्क्यांत, म्हणजे रुपया घसरून भाव चढला की राज्याची कमाई आपोआप वाढते. यावर कुठलाच पक्ष बोलणार नाही, दोघांचीही सरकारं येऊन गेली.

कर्वेनगरवाला: झालं राजकारण सुरू.

वरणभात: तुमचा पहिला मेसेज काय होता मग, भजन?

भोसरीचा मोल्डर: पेट्रोलचं सोडा हो, आमचं ऐका. माझं इंजेक्शन मोल्डिंगचं युनिट आहे, पीपीचा म्हणजे पॉलिप्रोपिलीन प्लास्टिकचा दाणा देशातच बनलेला घेतो, एक पैसा परदेशात जात नाही, तरी रुपया पडला की डीलरचा फोन येतो, रेट बदललाय. विचारलं का, तर म्हणतो आयात करून पडेल त्या भावावरच इथला भाव लागतो. आणि ज्या कंपनीला मी पार्ट देतो ती रेट बदलते तिमाहीला एकदा, तेही मागच्या तिमाहीची सरासरी काढून. मधल्या महिन्यांचा फरक माझ्या खिशातून. २०२२ मध्ये एका ऑर्डरवर अख्खी मजुरी गेली. बँकेत डॉलरचा रेट आधीच बांधून देणारं फॉरवर्ड कव्हर विचारायला गेलो तर म्हणे तुमची आयातच नाही, कव्हर कशावर देऊ?

जुना खरेदीवाला: मोल्डरभाऊ, हेच मी सांगत होतो. ओएनजीसी मुंबई हायचं क्रूड इथल्याच रिफायनरीला विकते, त्याचाही भाव ब्रेंटवरून निघतो. आपल्याच समुद्रातलं तेल, पण भाव डॉलरचा.

कर्वेनगरवाला: मग तोच भाव रुपयात बांधून टाका, आपल्याच दोन कंपन्या आहेत!

जुना खरेदीवाला: टाका की. पण डॉलर वर गेला की तोटा ओएनजीसीचा, खाली आला की रिफायनरीचा. फरक कोणीतरी भरणारच, नाव तेवढं बदलेल.

कर्वेनगरवाला: बरं, करार नव्हता हे मान्य, खूश? पण ग्राहक आपल्याएवढा मोठा असून भाव दुसऱ्याच्या चलनात, हे मला अजूनही पटत नाही.

भोसरीचा मोल्डर: पटवून घेऊ नका, पण कुणी मटेरियलचा रेट महिन्याला बदलून घेतला असेल तर तो क्लॉज कसा लिहिला ते सांगा. परचेस ऑर्डर रिन्यूअलला आलीय.