मदत हवी आहे: साडीच्या बुटीकच्या रेंडरमध्ये स्पॉटलाइट फक्त वरच्या फळीवरच पडतोय

रेघोट्या: नाशिकच्या एका पैठणी बुटीकचं काम आहे. स्केचअप आणि व्ही-रे वापरतेय. दुकान १२ बाय २४ फूट, छत ९ फुटांवर. दोन्ही लांब भिंतींना १४ इंच खोल फळ्या आणि मध्ये साडेतीन फूट रुंद टेबल. स्पॉट फळ्यांच्या पुढे अर्ध्या फुटावर आहेत. वरची फळी पांढरीफटक पडते, खालच्या साड्या काळ्या दिसतात. लाइटची पॉवर वाढवली की वरचं आणखीच जळतं. काय करू?

चौकट_राजा: व्हीएफबीमध्ये Highlight Burn कमी कर. आणि कंपनीची आयईएस फाइल लाव, प्रश्न मिटेल.

भिंतीपलीकडे: त्याने वरचा चट्टा सौम्य होईल, खालचा अंधार तसाच राहील. चूक स्पॉटच्या जागेत आहे. अर्ध्या फुटावरून उजेड जवळजवळ सरळ खाली येतो आणि वरची फळीच तो अडवते. स्पॉट फळीपासून सव्वादोन फूट पुढे घ्या आणि पाच फूट उंचीवर रोखा, म्हणजे तो साधारण ३० अंश तिरपा होईल. दोन फळ्यांत १५ इंच अंतर असेल, तर त्या उंचीवर उजेड आठेक इंच आत जाईल. तळाच्या फळ्यांवर मात्र तो पुन्हा उभाच पडतो. तिथे प्रत्येक फळीच्या पुढच्या कडेला खालून प्रोफाइल लाइट द्या, आतल्या बाजूला वळवून. मागच्या कडेला दिलात तर भिंत उजळेल आणि साड्या काळ्याच राहतील.

मीनाताई_डोंबिवली: आमच्या दुकानात उन्हाने रेशमाचा रंग विटला होता हो. या दिव्यांनी पण विटतो का?

रेघोट्या: ताई, सध्या फक्त चित्र करतेय, दिवे अजून लागायचेत :) @भिंतीपलीकडे, स्पॉट सरकवले, मधल्या फळ्यांवर जरीचे काठ दिसायला लागले! प्रोफाइल आज लावते. अजून एक, मालक म्हणतात चित्रात दुकान ऐसपैस वाटतंय, टेबल मोठं करू या.

भिंतीपलीकडे: कॅमेरा किती रुंद ठेवलाय? ९० अंशांच्या आसपास असेल तर बोळही हमरस्ता दिसतो. हिशेब करा: १२ फुटांतून दोन्हीकडच्या फळ्या आणि टेबल वजा केलं की दोन्ही बाजूंना ३७ इंच उरतात. फळीपाशी एक बाई साडी उलगडून उभी राहिली की मागून दुसरी जाणार कशी? टेबल एका बाजूला सरकवा, गिऱ्हाइकांकडे ४८ इंच ठेवा, उरलेले २६ विक्रेत्याला. रेंडरमध्ये माणसं उभी करा, मालकांना आपोआप कळेल.

रेघोट्या: पण त्यांना दोन्ही बाजूंनी गिऱ्हाईक हवंय.

चौकट_राजा: मग टेबल अडीच फुटांचं कर, ४३ इंच मिळतील.

रेघोट्या: अडीच फुटांवर पैठणीचा पदर पूर्ण पसरेल का? उद्या दुकानात टेप घेऊन जाते.