मदत हवी आहे: उधारीच्या पहिल्या लेखी पत्राची भाषा

यवतमाळकडच्या खेड्यातले एक कृषी केंद्रवाले काका गिऱ्हाइकाला पहिल्यांदाच लेखी पत्र देत आहेत. आजवर सगळा व्यवहार जबानीवर, कापसाचा चुकारा आला की हिशेब. जून 2023 मध्ये 38,400 रुपयांचं बियाणं-खत गेलं, जानेवारी 2024 मध्ये 10,000 रोख आले, बाकी 28,400.

नुसतं पत्र पाठवून दावा लावण्याची मुदत वाढत नाही. परतफेडीची तारीख ठरलेली नसेल तर माल दिल्यापासून तीन वर्षांत दावा लावावा लागतो. मुदत संपण्याआधी देणेकऱ्यानं बाकी लेखी कबूल करून सही केली, किंवा काही रक्कम देऊन तिची नोंद स्वतःच्या अक्षरात किंवा सहीनं केली, तरच तीन वर्षं नव्यानं सुरू होतात. 10,000 ची नोंद वहीत काकांच्याच अक्षरात आहे, शेजारची सहीची जागा कोरी. म्हणून ती रक्कम आली असूनही मुदतीसाठी उपयोगाची नाही.

मसुद्याची सुरुवात अशी: ‘भाऊ, तुमच्या खात्याचा उतारा सोबत जोडला आहे. बाकी बरोबर असल्यास खाली सही करून द्यावी.’ पैसे पंधरा दिवसांत मागितले आहेत. पत्र पोचपावतीसह पोस्टानं जाईल.

अडलंय ते इथं: सहीची ओळ आणि दाव्याचा इशारा एकाच पत्रात असला तर माणूस सही करेल का? की आधी उतारा घेऊन घरी जावं, सही घ्यावी, आणि इशारा नंतर द्यावा? ज्यांनी अशी पत्रं लिहिली आहेत त्यांनी नेमकी वाक्यं सांगावी.