मदत हवी आहे : घर सोडताना भाडेकरूने ‘नो ड्यूज’ प्रमाणपत्र आणायचे, पण थकबाकी माझ्या खात्यावर आहे

घरमालक (धागाकर्ता)
आमच्या सोसायटीने भाडेकरू नोंदणीचे नवे नियम केले आहेत. नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्स कराराची प्रत, पोलिसांना दिलेल्या माहितीची पोच आणि राहणाऱ्यांची नावे कार्यालयात द्यावी लागतात. माझ्या भाडेकरूंना मी हे समजावून सांगितले आणि त्यांनी सर्व कागद वेळेवर दिले. अडचण आहे ती शेवटच्या नियमाची. घर सोडताना सोसायटीचे ‘नो ड्यूज’ आणल्याशिवाय टेम्पोला गेटपास मिळणार नाही. मीही त्यांच्याकडे तेच मागितले, परंतु माझ्या खात्यावर नॉन-ऑक्युपन्सी शुल्काचे, म्हणजे घर भाड्याने दिल्याबद्दल सोसायटी लावते त्या शुल्काचे, २,४०० रुपये बाकी दाखवून कार्यालयाने त्यांना परत पाठवले. ते ३१ तारखेला निघणार आहेत. काय करावे?

तिसरा मजला
भाडेकरू ठेवायला सोसायटीची एनओसी लागतेच, त्यामुळे प्रमाणपत्र अडवण्याचाही त्यांना अधिकार आहे.

माजी सचिव
तसे नाही. आदर्श उपविधी स्वीकारलेल्या सोसायटीला आठ दिवस आधी कळवावे लागते, परवानगी मागावी लागत नाही. मुख्य म्हणजे सोसायटीच्या वहीत भाडेकरूचे खातेच नसते, सभासदाचे असते. मग बाकी नसल्याचा दाखला भाडेकरूने कुठून आणायचा? धागाकर्ते, तुमचे मासिक सेवाशुल्क किती आणि हे शुल्क किती लावले आहे?

घरमालक
सेवाशुल्क २,००० रुपये. सहा महिन्यांपासून नॉन-ऑक्युपन्सीचे दरमहा ६०० लावतात. मी २०० भरतो.

माजी सचिव
मग तुम्ही भरता तेच बरोबर आहे. १ ऑगस्ट २००१ च्या शासन आदेशानुसार हे शुल्क सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त लावता येत नाही. दरमहा जादा लावलेल्या ४०० रुपयांचेच सहा महिन्यांत २,४०० झाले आहेत. आजच लेखी हरकत द्या आणि पोच घ्या. त्याच पत्रात ‘भाडेकरूंकडून माझे काही येणे नाही, वादातील रकमेची जबाबदारी माझी आहे’ असे लिहा. तुमच्या भाडेकरूंना खरा उपयोग तुमच्या सहीच्या दाखल्याचा होईल.

पूर्वीची भाडेकरू
माझ्या वेळी सोसायटीने अडवले नव्हते. विजेचे शेवटचे बिल येईपर्यंत मालकांनी सगळी अनामत दोन महिने धरून ठेवली होती. त्या पैशांवरच नव्या घराची अनामत अवलंबून होती. कृपया तसे करू नका.

माजी सचिव
ताईंचा मुद्दा योग्य आहे. चावी घेताना दोघांनी मिळून मीटरच्या आकड्याचा फोटो काढावा, अंदाजे बिलापुरती रक्कम ठेवून उरलेली अनामत त्याच दिवशी द्यावी. मात्र ‘बाकी नाही’ असे न लिहिता ‘अमुक आकड्यापर्यंतचे वीजबिल वगळता बाकी नाही’ असे लिहावे, म्हणजे बिल आल्यावर वाद होत नाही.

घरमालक
मनापासून आभार. पत्र देऊन पोच घेतली. शुल्काचा विषय समितीच्या सभेत ठेवू असे सचिव म्हणाले, पण गेटपासबद्दल त्यांनी अजून शब्द दिलेला नाही. ३१ तारखेला मी स्वतः फाटकावर थांबणार आहे.