‘श्यान तापन’ की ‘घर्षणाची उष्णता’?

अक्षरा:
दोन सपाट पट्ट्या एकमेकींच्या अगदी जवळ ठेवल्या आहेत, मधल्या बारीक फटीत तेल भरले आहे, खालची पट्टी स्थिर आहे आणि वरची सरकते आहे. अशा रचनेवरच्या एका तांत्रिक टिपणाचे मराठीकरण मी करते आहे. तेल तापण्याच्या या प्रकाराला मी ‘घर्षणाची उष्णता’ म्हटले होते, तर तपासनिसांनी ते खोडून ‘श्यान तापन’ असे लिहिले. पुढे ‘फट जितकी अरुंद, तितके तेल अधिक तापते’ असे माझे वाक्य आहे, त्याच्या समासात त्यांनी नुसते प्रश्नचिन्ह काढले आहे. खटकले ते केवळ शब्द, की विधानच चुकले आहे?

ओघ:
दोन्ही. आधी शब्दाचे पाहू. ‘घर्षण’ म्हटले की एका घन वस्तूवर दुसरी घासते आणि त्यांच्या सांध्यापाशी उष्णता निर्माण होते, असे चित्र मनात उभे राहते. येथे पट्टीवर पट्टी घासत नाही आणि पट्टीवर तेलही घासत नाही, कारण पट्टीला लागून असलेला तेलाचा थर तिला धरून तिच्याच वेगाने जातो. थर एकमेकांवरून सरकतात ते मधल्या तेलात, आणि म्हणून उष्णता फटीच्या सबंध जाडीभर, तेलाच्या पोटातच, निर्माण होते. ‘अंतर्गत घर्षण’ म्हणालात तर माझी हरकत नाही, पण ‘श्यान तापन’ अधिक नेमके आहे, कारण उष्णता कोठे आणि कशामुळे उत्पन्न होते हे दोन्ही त्यात येते.

आता वाक्य. वरच्या पट्टीचा वेग सेकंदाला 10 मीटर, तेलाची श्यानता, म्हणजे वाहण्याला होणारा त्याचा विरोध, 0.1 पास्कल-सेकंद, आणि दोन्ही पट्ट्या बाहेरून थंड करून 40 अंशांवर राखलेल्या आहेत असे धरू. तेलाची उष्णतावाहकता साधारण 0.14 वॅट प्रति मीटर-केल्विन असते. अशा वेळी फटीच्या मध्यावरचे तेल पट्ट्यांपेक्षा μU²/(8k) इतके, म्हणजे सुमारे 9 अंशांनी, अधिक तापलेले राहते. येथे μ ही श्यानता, U हा वेग आणि k ही उष्णतावाहकता आहे, आणि या सूत्रात फटीची रुंदी येतच नाही. फट निम्मी केली की प्रत्येक घनमिलिमीटर तेलात चौपट उष्णता निर्माण होते हे खरे, पण तेल पातळ थरात असल्यामुळे तीच उष्णता पट्टीपर्यंत चौपट सहज पोहोचते, आणि दोन्ही परिणाम एकमेकांना रद्द करतात.

जुना फिटर:
माफ करा, पण हे माझ्या अनुभवाशी जुळत नाही. एका यंत्रात तेलात फिरणाऱ्या चकतीच्या बाजूला आम्ही 0.2 मिलिमीटर फट ठेवली होती, आणि समोरची पट्टी हात लावू देत नव्हती. वॉशर घालून फट 0.4 केली, वेग तोच ठेवला, तेलही तेच होते, आणि पट्टी स्पष्टपणे गार राहू लागली. त्यामुळे अक्षराताईंचे वाक्य मला बरोबर वाटते.

ओघ:
तुमचे निरीक्षण बरोबर आहे, फक्त ते पट्टीचे आहे. तेल पट्टीपेक्षा किती अंश अधिक गरम आहे हा एक प्रश्न, आणि पट्टी स्वतः किती तापली हा दुसरा. फटीतून बाहेर पडणारी एकूण उष्णता फट निम्मी केल्यावर दुप्पट होते. माझ्या उदाहरणात 0.1 मिलिमीटर फटीला ती प्रत्येक चौरस मीटरमागे 1 लाख वॅट येते. पट्ट्या 40 अंशांवर राखल्या आहेत असे मी धरले होते, तुमच्या यंत्रात मात्र ती उष्णता पट्टीच्या धातूतून हवेत जाण्याची वाट पाहत साचत होती. तेथे फटीचा संबंध निश्चित येतो. म्हणून अक्षरा, ‘फट अरुंद केल्यास उष्णतानिर्मिती वाढते आणि ती काढून घेतली नाही तर पट्ट्यांसह तेल तापते’ असे लिहिल्यास तुमचे वाक्य टिकेल. ‘उष्णता’ आणि ‘तापमान’ हे शब्द आपण बोलताना सहज अदलाबदलीने वापरतो, पण येथे ते वेगळे ठेवल्याशिवाय अर्थ लागत नाही.

पारदर्शी:
मूळ टिपणात तेल ‘कातरले जाते’ असेच असावे ना? कातरल्या गेलेल्या तेलाची श्यानता कायमची उतरते, तेव्हा त्याला ‘तापन’ म्हणणेच चुकीचे ठरेल.

ओघ:
ती गोष्ट वेगळी आहे. काही तेलांत घातलेल्या लांब साखळ्यांच्या बहुलकांचे रेणू जोराच्या कर्तनाने, म्हणजे थर एकमेकांवरून सरकण्याने, तुटतात आणि मग श्यानता परत येत नाही. येथे तेल केवळ गरम होऊन पातळ होते, आणि थंड झाल्यावर पूर्ववत होते. मात्र तुमच्या गोंधळावरून एवढे दिसते की ‘कातरणे’ हे क्रियापद येथे टाळावे आणि ‘कर्तन’ हा पारिभाषिक शब्द ठेवावा.

समतल:
मी प्रयोगशाळेत श्यानता मोजणाऱ्या दोन चकत्यांच्या व्हिस्कोमीटरवर काम करते, आणि आमच्याकडे नियम नेमका उलटा आहे: तेल तापू नये म्हणून आम्ही फट अरुंद करतो. त्यामुळे फटीचा संबंधच नाही हे ओघ यांचे म्हणणे मला मान्य नाही.

ओघ:
वेग कायम ठेवला तर संबंध नाही, असे मी म्हणालो. तुम्ही कर्तनदर, म्हणजे वेग भागिले फट, कायम ठेवता, त्यामुळे फट अरुंद केली की वेगही त्याच प्रमाणात उतरवता. सूत्रात वेगाचा वर्ग आहे. श्यानता 1 पास्कल-सेकंद आणि कर्तनदर सेकंदाला 10,000 घेतला, तर 1 मिलिमीटर फटीला कडेचा वेग सेकंदाला 10 मीटर लागतो आणि सूत्र मध्यावर जवळजवळ 90 अंशांची वाढ दाखवते. 0.1 मिलिमीटर फटीला वेग 1 मीटर होतो आणि वाढ 1 अंशाहूनही कमी उरते. पहिला आकडा अर्थातच अतिशयोक्त आहे, कारण तेल तापू लागताच पातळ होते आणि उष्णता कमी निर्माण करते. ते सूत्र श्यानता बदलत नाही असे धरते, म्हणून वाढ काही अंशांपुरती असेल तोवरच त्यावर विसंबावे.

समतल:
हे पटले. मग श्यानतेचे वाचन उतरते आहे ते तापल्यामुळे, की तेलच कर्तनाने पातळ होणाऱ्या जातीचे आहे, हे ओळखण्याची आमची रीत येथे सांगते. 1 मिलिमीटर फटीत वेग एकदम वाढवला की तापणाऱ्या तेलाचे वाचन काही सेकंद हळूहळू उतरत जाते आणि मग स्थिरावते, तर कर्तनाने पातळ होणाऱ्या साध्या तेलाचे वाचन जवळजवळ तत्क्षणी नव्या मूल्यावर जाते. दुसरी खूण म्हणजे त्याच कर्तनदराला दोन फटींवर मोजणे. रुंद फटीचे वाचन खाली आले तर तापन आहे, अरुंद फटीचे खाली आले तर बहुधा फटीचा शून्यच चुकलेला असतो. फट प्रत्यक्षात दाखवल्यापेक्षा रुंद असली की हीच चूक अरुंद फटीत अधिक भासते.

अक्षरा:
आभारी आहे. ‘उष्णतानिर्मिती’ आणि ‘तापमानवाढ’ मी आता टिपणभर वेगळे ठेवते. एक शब्द मात्र अजून अडतो. यांत्रिक ऊर्जा तेलात उष्णता होऊन जाते, त्या क्रियेला मी ‘ऊर्जाक्षय’ लिहिले आहे.

ओघ:
मला तो शब्द पसंत नाही. क्षय म्हणजे उणे होणे, आणि येथे ऊर्जा कोठेच उणी होत नाही, पट्टी सरकवायला दिलेली सारी ऊर्जा तेलात उष्णतेच्या रूपाने हजर असते. मी ‘श्यान व्यय’ लिहीन.

जुना फिटर:
व्यय म्हणजेही खर्चच ना? मोटर ती वीज खाते आणि ती कामाला येत नाही, म्हणजे आमच्या दृष्टीने तो क्षयच.

अक्षरा:
मोटरच्या बाजूने पाहिले तर क्षय आणि तेलाच्या बाजूने पाहिले तर भर. टिपणात दोन्ही बाजू येतात, म्हणून सध्या मी ‘यांत्रिक ऊर्जेचे तेलात उष्णतेत रूपांतर’ असे लांबलचक लिहून ठेवले आहे. दोन्हींना पुरेल असा एकच शब्द कोणाच्या वापरात असेल, तर कृपया कळवावा.