मदत हवी आहे: मुद्दाम चक्कर आणण्याचा सराव, पण भीती उतरत नाही

नमस्कार मंडळी, मी इंदूरची. सराफ्याच्या गर्दीत डोकं गरगरलं की आता पडणारच, असं वाटतं. ईसीजी, थायरॉईड, कान सगळं ठीक निघाल्यावर समुपदेशक ताईंनी सराव दिलाय: फिरत्या खुर्चीत 1 मिनिट गरगर फिरायचं, चक्कर तशीच येऊ द्यायची, भीतीला 0 ते 10 मधला आकडा द्यायचा आणि तो उतरेपर्यंत पुन्हा फिरायचं. जागच्या जागी धावून आणलेल्या धडधडीची भीती 7 वरून 3 वर आली. चक्करेची मात्र 8 वरच अडलीय. मला शंका अशी की, थांबताच मी टेबल घट्ट धरते (आईही शेजारी उभी असतेच!), त्यामुळे मनाला वाटत असेल, टेबल होतं म्हणून वाचले. कुणी असे आधार सोडलेत का? एकदम, की आधी आई आणि मग टेबल?