तालुक्यात दुसरा वितरक निघाला तर

“कंपनीच्या माणसाने ‘अंबड तालुक्यात आमचा दुसरा वितरक नाही’ असं सांगून सही घेतली. आता एक निघाला. करार मोडता येईल का?”

येईल, पण घाई करा. मी जालन्यात पाइप-ठिबकचा वितरक आहे, अशाच फेऱ्यातून गेलोय. ३ लाख अनामत भरली होती, आणि दोन महिन्यांनी दुसऱ्या दुकानात त्याच कंपनीचं माझ्या सहीआधीचं बिल दिसलं.

त्या माणसाला ते खरंच खरं वाटलं असेल, तरी भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १८ प्रमाणे ते चुकीचं निवेदनच. कलम १९ नुसार असा करार तुमच्या मर्जीने रद्द होतो, आपोआप नाही. कंपनी म्हणेल, “साधी चौकशी केली असती तर कळलं असतं.” ही पळवाट कायद्यातच आहे. दुकानावर कंपनीची पाटी लागलेली असेल तर तुमची बाजू लंगडी पडते. माझ्या बाबतीत पाटी नव्हती, म्हणून वाचलो.

खरं कळल्यावर नवी ऑर्डर देऊ नका, नाहीतर तुम्ही करार मान्य केला असं धरलं जाईल. रद्द करतोय असं लेखी कळवा. शिल्लक माल परत द्यायची तयारी त्यातच लिहा, कारण कलम ६४ प्रमाणे मिळालेला फायदा परत करावा लागतो.

“आम्ही मार्जिन चुकून कमी समजलो” ही मात्र एकट्याची चूक, कलम २२ नुसार तेवढ्यावर करार मोडत नाही. आणि उधारी थकली म्हणून कंपनीने कडक अटी घातल्या, एवढ्याने अनुचित प्रभाव, म्हणजे वरचढपणाचा गैरफायदा घेऊन सही मिळवली असं, सिद्ध होत नाही.