भीमा ८६१ किलोमीटर की ७२५? आकडा ठरवायचा कोणी आणि कसा

अभ्यासिका_सातरस्ता
भीमेची लांबी एका पुस्तकात ८६१ किमी, दुसऱ्यात ७२५. तिसऱ्यात ४५१ होती, ती फक्त महाराष्ट्रातली हे नंतर कळलं. सराव परीक्षेत मी ८६१ ला खूण केली आणि गुण गेला, उत्तरतालिकेत ७२५. नदी तीच, पाणी तेच, मग १३६ किलोमीटर जातात कुठं? माझं मत सांगतो, सरकारनं एक आकडा ठरवून टाकावा आणि बाकीचे पुसून टाकावेत.

दक्षिण_कसबा
सोपं आहे बे. सगळा घोळ उगमाचा. भीमाशंकरला देवळाजवळ उगम मानतात, पण तिथून धार गुप्त होते आणि खाली जंगलात पुन्हा वर येते, त्या जागेलाच गुप्त भीमा म्हणतात. कोणी देवळापासून मोजतो, कोणी तिथून. ॲमेझॉनचंही तेच. लहानपणी आपण नाईल सर्वांत लांब शिकलो. पुढं ब्राझीलच्या अवकाश संस्थेनं पेरूच्या डोंगरात वरचा उगम धरला आणि ॲमेझॉन ६,९९२ किमी, नाईल ६,८५३ असं मांडलं. उगम ठरवा, भांडण मिटलं.

निळी_रेघ
कसबेकर, अर्धं बरोबर आहे. उगमानं आकडा हलतो हे खरं, पण भीमेच्या बाबतीत किती हलतो ते बघा. देऊळ ते गुप्त भीमा म्हणजे जंगलातली थोडी पायपीट, मैल-दीड मैल. त्यातून १३६ किमी निघणार नाहीत. बरं, ॲमेझॉनचं तुम्ही निम्मंच सांगितलं. तिथं उगमाइतकाच मुखाचाही हात आहे. मुखाशी माराजो नावाचं प्रचंड बेट आहे. त्या मोजणीत मुख्य मुखाऐवजी बेटाच्या दक्षिणेकडच्या कालव्यांतून पारा नदीच्या खाडीवाटे समुद्र गाठला. वाट वाकडी झाली, आकडा वाढला.

आपल्या भीमेला तर समुद्रच नाही. ती रायचूरच्या उत्तरेला कृष्णेला मिळते. त्रिभुज प्रदेश नाही, खाडी नाही, भरतीचं पाणी कुठवर आलं हा वाद नाही. म्हणजे दोन्ही टोकं जवळजवळ पक्की. मग फरक आला तो मधल्या वाटेतून.

घरी करून बघा. कागदावर २ सेंमी त्रिज्येचं अर्धवर्तुळ काढा. ५० हजारांत एक प्रमाणाच्या स्थलदर्शक नकाशावर ते १ किमी त्रिज्येचं वळण झालं, खरी लांबी ३.१४ किमी. आता कंपासपेटीतलं कर्कटक घ्या (बाकावर नाव कोरायचं तेच). टोकांमध्ये २ किमीचं अंतर ठेवलं तर एकाच पावलात वळण संपतं, लांबी २. अंतर १.४१ किमी केलं तर दोन पावलं, २.८३. १ किमी केलं तर तीन पावलं, ३. अर्ध्या किलोमीटरच्या आसपास आणलं तर सहा पावलं, ३.११. वळण तेच, कागद तोच. भीमाशंकर ते रायचूर अशी किती वळणं असतील?

आणि हे सगळं वळण नकाशावर असेल तर. १० लाखांत एक प्रमाणाच्या नकाशावर त्याची त्रिज्या १ मिमी. नकाशा काढणारा ते सरळ करून टाकतो, कारण निळ्या रेघेची जाडीच तेवढी असते. तिथं कर्कटक कितीही बारीक धरा, जे छापलंच नाही ते मोजणार कसं?

शून्य_ते_अनंत
मग पुढचं बोला की सर. रिचर्डसन या शास्त्रज्ञानं सीमारेषांच्या आकड्यांत हेच पकडलं होतं आणि गणितज्ञ मँडेलब्रॉटनं १९६७ मध्ये ब्रिटनच्या किनाऱ्यावरून तेच मांडलं. पाऊल लहान करत जा, लांबी वाढत जाते, थांबतच नाही. म्हणजे नदीला लांबी नावाची गोष्टच नाही. ८६१ पण खोटं, ७२५ पण खोटं. परीक्षेतून हा प्रश्नच काढून टाका.

निळी_रेघ
थांबते की. वरच्या आकड्यांतच थांबताना दिसते: २.८३, ३, ३.११, आणि शेवट ३.१४ ला. किनारा वेगळा, नदी वेगळी. किनाऱ्याला प्रत्येक खडक, प्रत्येक खाच मोजता येते. नदीचे काठ मोजत नाहीत, दोन काठांमधली मधली रेघ मोजतात. पात्रापेक्षा लहान खाचा त्या रेघेत येतच नाहीत. शिवाय सपाटीवरची नदी स्वतःच्या रुंदीच्या मानानंच वळते, वळणाची त्रिज्या बहुधा रुंदीच्या दोन-तीन पट असते. २०० मीटर रुंद पात्र ५० मीटरचं नागमोडी वळण घेत नाही. म्हणून पाऊल रुंदीच्या खाली नेण्यात अर्थ नाही, आणि तिथवर नेलं की आकडा फारसा हलत नाही. अडचण वर, सह्याद्रीत. तिथं ओढा दोन-चार मीटरचा, वळणंही तेवढीच लहान. पण तो भाग एकूण लांबीत थोडा.

तुमचं अनंत किनाऱ्यापुरतं ठेवा.

सीना_काठ
मोजणीचा विषय निघालाच आहे म्हणून विचारतो. आमची जमीन सीनेच्या काठाला, मोहोळ भागात. वडलांच्या वेळी नदी पलीकडच्या बाभळींजवळून जायची. आता आमच्या रानात घुसली आहे, सतराएक गुंठे गेले. गटनकाशावर नदी अजून जुन्याच जागी. मोजणीला अर्ज दिला तर म्हणाले पाणी उतरल्यावर या. पाणी उतरलं तर म्हणाले अधिकारी बदलला. गेलेल्या रानाचा सारा भरायचा का आम्ही?

दक्षिण_कसबा
काका, इथं लांबीचं चाललंय, साऱ्याचं नाही.

कालवा_चौकी
असू द्या की, त्यांचं बोलणं अगदीच बाजूला नाही. काठ सरकला की वळण वाढतं, आणि पुरात वळणाची मान तुटली की नदी एकदम आखूड होते. १९७० चा नकाशा आणि आजचं उपग्रह चित्र एकच लांबी देणार नाही. काका, तलाठ्याकडं पंचनाम्याची नक्कल मागा आधी, बाकी नंतर.

मी पाटबंधाऱ्यात होतो, आता घरी असतो. पुस्तकातल्या आकड्यांशी आमचा संबंध कमी, पण एक सांगतो. निळी_रेघ सर पात्राची मधली रेघ म्हणतात. एप्रिल-मे मध्ये औज बंधाऱ्याच्या वर उभं राहून बघा. वाळूचं रुंद पात्र, आणि त्यातून पाण्याची बारीक धार या काठावरून त्या काठाला जाते, परत येते. पाणी ज्या वाटेनं जातं ती वाट मधल्या रेघेपेक्षा लांब. सोलापूरला प्यायचं पाणी उजनीतून नदीत सोडलं की ते त्या धारेनंच सरपटत येतं, म्हणून कित्येक दिवस लागतात. तेच पावसाळ्यात पूर आला की पाणी वाळूच्या टेकाडांवरून, वळणांच्या पोटातून सरळ निघतं. मे महिन्यातली भीमा लांब, ऑगस्टमधली आखूड. सरांची मधली रेघ दोन्ही वेळा एकच येईल, पण पाणी दोन्ही वेळा तेवढं चालत नाही.

दुसरं म्हणजे उजनी. १९८० मध्ये धरण झालं आणि वरचं पात्र फुगवट्याखाली गेलं. आता तिथं नदी कुठून मोजणार? बुडालेल्या जुन्या धारेवरून की जलाशयाच्या मधून? जुनी धार वळणावळणाची, जलाशयाची मधली रेघ त्या मानानं सरळ.

निळी_रेघ
चौकीसाहेब, उजनीचं पटलं. उन्हाळी धारेचं नाही. दर महिन्याला बदलणारी लांबी पुस्तकात कशी छापायची? म्हणूनच मधली रेघ धरतात. ती पाण्याची वाट नाही, नदीची आहे.

कालवा_चौकी
पाण्याशिवाय नदी कसली ओ.

सूत_आणि_पट्टी
मी भूगोल शिकवते. गेल्या वर्षी आठवीच्या मुलांना भिंतीवरच्या नकाशावर सुतानं भीमा मोजायला लावली होती. चादरीच्या कारखान्यातलं सूत, एका मुलाच्या वडलांनी दिलेलं. सहा गट, सहा आकडे, आणि सगळे पुस्तकापेक्षा कमी. कारण बघताना कळलं. मुलं सूत ताणून धरत होती. ताण दिला की सूत वळणाच्या आतल्या बाजूला सरकतं, कोपरा खातं. एका गटानं सूत ओलं करून चिकटवलं, त्यांचा आकडा सर्वांत जास्त आला. म्हणून अभ्यासिका दादा, तुमच्या मताला माझा विरोध. सरकारनं एकच आकडा ठरवला तर तो पाठ होईल एवढंच. आकड्याशेजारी नकाशाचं प्रमाण आणि वर्ष छापा, मग दोन आकडे असले तरी चालतील.

अभ्यासिका_सातरस्ता
ताई, परीक्षेत चार पर्यायांशेजारी प्रमाण छापत नाहीत. एका गुणानं यादीतून बाहेर जातो माणूस.

निळी_रेघ
७२५ बद्दल माझा एक दाट संशय आहे. ४५० मैलांचे किलोमीटर करा, ७२४ आणि वर थोडं येतं. जुन्या इंग्रजी पुस्तकांत लांब्या मैलांत, त्याही गोळाबेरीज करून. कोणीतरी ‘सुमारे ४५० मैल’ लिहिलं असावं, पुढच्यानं त्याचं ७२५ केलं, आणि ‘सुमारे’ वाटेत गळून पडलं. आता ते शेवटच्या किलोमीटरपर्यंत मोजल्यासारखं दिसतं. तसं असेल तर १३६ चा हिशोब लावायलाच नको, एका बाजूला मोजमाप आणि दुसऱ्या बाजूला अंदाज.

शून्य_ते_अनंत
सर, मग हेही बघा. ५३५ गुणिले १.६०९३४४. येतात ८६०.९९९. तुमचं लाडकं ८६१ सुद्धा मैलांतूनच आलेलं दिसतंय, आणि तेही पाचाच्या पटीतल्या मैलांतून.

निळी_रेघ
हे बघितलं नव्हतं. योगायोगही असू शकतो. पाच मैल म्हणजे आठ किमी, म्हणजे कुठलाही आकडा असा जुळण्याची शक्यता आठांत एक. तेवढ्यावर ८६१ ला अंदाज म्हणणार नाही.

दक्षिण_कसबा
७२५ जुळला की संशय दाट, ८६१ जुळला की योगायोग. वा सर.

निळी_रेघ
बोला, बोला. पण ७२५ वर नुसत्या गुणाकारानं नाही माझा संशय. ४५० हा ५३५ पेक्षा जास्त गोळाबेरीज वाटणारा आकडा आहे. तरी मान्य, याला पुरावा म्हणत नाहीत.

साधी चूकही वर्षानुवर्षं टिकते हे लक्षात ठेवा. ऱ्हाईन नदी जर्मन ज्ञानकोशांत कित्येक दशकं १,३२० किमी होती. २०१० मध्ये एका जर्मन संशोधकानं दाखवलं की ती १,२३० च्या आसपास आहे, कुठंतरी दोन अंकांची अदलाबदल झाली असावी. तिथं उगम नाही, मुख नाही, प्रमाण नाही.

सीना_काठ
पंचनाम्याची नक्कल कुठल्या वर्षाची मागायची ते सांगा की. पूर दोनदा आला होता.

कालवा_चौकी
दोन्ही मागा.

अभ्यासिका_सातरस्ता
मी उत्तरतालिकेवर हरकत टाकतोय. सोबत दोन्ही पुस्तकांची पानं जोडतो. ८६१ बरोबर म्हणून नाही, दोन्ही आकडे छापील असताना प्रश्नच रद्द करा म्हणून. ४५१ मध्ये कर्नाटकाच्या हद्दीवरून वाहणारा तुकडा धरलाय का, हे कोणाला माहीत असेल तर सांगा, पुढच्या वेळी तोही विचारतील.

सूत_आणि_पट्टी
दिवाळीच्या सुट्टीत ५० हजारी नकाशांवर टेंभुर्णी ते कुडल संगमापर्यंतचा तुकडा मोजून बघते, यंदा कर्कटकानं. धरणाच्या खालून सुरू करते म्हणजे फुगवट्याचा प्रश्न नको. चौकीसाहेब, मधली रेघ धरली तर चालेल ना?

कालवा_चौकी
धरा. पण मे महिन्यात एकदा औजला या, धार दाखवतो.